फासेबाई आणि सातची टेकडी

आमच्या कॉम्प्युटरच्या बाई जुगारात राहतं घर हरल्या, ही बातमी शाळेत मधल्या सुट्टीपर्यंत पोचली आणि सुट्टी संपेस्तोवर त्यात दोन तोळ्यांचं मंगळसूत्रही गेलं. बातमी ऑफिसातल्या क्लार्कने सोडली होती. क्लार्क बोलताना आधी उजवीकडे बघतात, मग डावीकडे, आणि मग इतक्या मोठ्याने कुजबुजतात की जिन्याखालच्या माणसालाही ऐकू जावं. "मी स्वतः पाहिलं हो. लॅबमध्ये एकट्याच बसलेल्या. टेबलावर फासे. तोंडाने चाललंय, सात, सात, परत सात! डोळे असे." इथे ते डोळे वटारून दाखवायचे. मी ते डोळे आठवडाभर वर्गात दाखवले आणि भरपूर टाळ्या घेतल्या. त्या दिवसापासून बाईंचं नाव फासेबाई पडलं.

खरी गोष्ट अशी की बाईंचं घर जिथल्या तिथे आहे. दूधडेअरीच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तिथे बाई आणि त्यांच्या नणंदबाई राहतात. फासे नणंदबाईंच्या सापशिडीतले. एका फाशाचा कोपरा कुणी तरी लहानपणी चावलेला आहे, नणंदबाई म्हणतात भावाने, बाई म्हणतात नणंदबाईंनीच. तर त्या दिवशी बाई दोन फासे टाकून बेरजा मोजत होत्या, कारण वर्गात प्रोग्राम शिकवायच्या आधी हाताने करून बघायचं, ही त्यांची सवय. "यंत्र खोटं बोलत नाही. पण आपण त्याला खोटं बोलायला लावू शकतो. काय?"

हे "काय?" म्हणजे बाईंचा पूर्णविराम. आवाज घोगरा, थंडीत दार उघडताना कुरकुरतं तसा. शिक्षिका होण्याआधी बाई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिवसभर आकडे टाइप करायच्या. कंटाळा आला म्हणून त्यांनी यंत्रालाच आकडे भरायला शिकवलं. साहेबांनी शाबासकी दिली आणि मग ज्या कामासाठी बाईंना ठेवलं होतं ते कामच उरलं नाही. त्यांना स्वतःलाच हे सांगताना हसू येतं. "माझी नोकरी मीच खाल्ली. चव बरी होती."

आमच्या शाळेत त्या तात्पुरत्या होत्या. आणि यंदा मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणू लागले की प्रोग्रामिंगचा तास बंद करू, त्या वेळात टायपिंग घेऊ, आणि टायपिंगला काय, कुणीही चालेल. मोठ्या सरांचं बोलणं असं, "म्हणजे कसं आहे, की बघा, विषय चांगला आहे, चांगलाच आहे, पण म्हणजे." यातल्या "पण म्हणजे"ला सगळे घाबरतात. शेवटी ठरलं की शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष एक तास बघायला येतील. त्यांना पटलं तर तास राहील आणि बाई कायम होतील. नाही पटलं तर दोघांनाही निरोप.

अध्यक्ष म्हणजे कापडवाले काका. दुकानात बसून बसून त्यांना कुठलीही गोष्ट आधी बोटांनी चाचपून बघायची सवय. आल्या आल्या त्यांनी लॅबचा पडदा चाचपला, कीबोर्डावरचं कापड चाचपलं आणि मागच्या बाकावर बसून म्हणाले, "हं. दाखवा माल."

बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला. दोन फासे पुन्हा पुन्हा टाकले, तर कुठली बेरीज सगळ्यात जास्त वेळा येईल? मग मोठ्या पडद्यावर प्रोग्राम. दोनपासून बारापर्यंत प्रत्येक बेरजेसाठी एक मोजणी ठेवायची. यंत्राने एक ते सहातला एक आकडा निवडायचा, परत एक निवडायचा, बेरीज करायची आणि त्या बेरजेची मोजणी एकने वाढवायची. शेवटी प्रत्येक बेरजेपुढे, जितक्या वेळा ती आली तितक्या चांदण्या छापायच्या. कीबोर्डावरच्या आठच्या डोक्यावर असते ना, ती चांदणी.

पहिल्यांदा बाईंनी छत्तीस वेळा फासे टाकायला सांगितले. पडद्यावर नऊ सगळ्यात उंच. सातपुढे तीनच चांदण्या. तीनपुढे तर एकही नाही.

"हा कंगवा दातपडका आहे," कापडवाले काका म्हणाले.

मोठे सर लगेच हसले. वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या, पण मान डोलावत. "छत्तीस म्हणजे फारच थोडे. वारभर कापड बघून गठ्ठ्याची पारख करू नका, काका. काय?"

काकांची भुवई वर गेली. गिऱ्हाईक आपली भाषा बोलतंय म्हटल्यावर दुकानदाराचं जे होतं ते.

बाईंनी आकडा वाढवला, छत्तीस हजार. एंटर दाबलं आणि पडद्यावर चांदण्यांचा पूर आला. एका ओळीत मावेनात म्हणून दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या ओळीत, पडदा भरून वर पळायला लागला. कुठली बेरीज कुठे संपली कुणाला कळेना. मागून कुणी तरी म्हणालं, "वीज गेली तरी उजेड राहील!" मोठे सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "म्हणजे कसं आहे, की बाई, वेळ."

"एका चांदणीची किंमत वाढवू," बाई म्हणाल्या. "आता एक चांदणी म्हणजे दोनशे वेळा. भागून जवळच्या पूर्ण आकड्याला आणायचं." बोटं धावत होती. त्या गडबडीत त्यांनी फासे टाकायची ओळही जरा आखूड करून टाकली. मी बघितलं, पण माझ्या काही लक्षात आलं नाही. परत एंटर.

यावेळी चित्र सुबक आलं. फारच सुबक. दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा, या सगळ्यांपुढे साधारण तीस-तीस चांदण्या, मापून कापल्यासारख्या. आणि तीन, पाच, सात, नऊ, अकरा, यांच्यापुढे काहीच नाही. रिकाम्या ओळी.

क्लार्क दाराशी कानोसा घेत उभे होते, त्यांनी डोकंच आत घातलं. मोठे सर हळूच म्हणाले, "म्हणजे सात येतच नाही?" त्यांच्या आवाजात "पण म्हणजे" तयार होऊन बसलेलं मला ऐकू आलं.

बाईंचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग त्यांनी खुर्ची सरकवली, पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून त्या रिकाम्या ओळींकडे बघायला लागल्या, जशी एखादी आई खोड्या करून आलेल्या पोराकडे बघते. "चुकलंय," त्या म्हणाल्या. "माझंच. कुठे ते मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

"अहो बाई, हे काय," काका उठून पुढे आले. टेबलावरचे फासे त्यांनी उचलले, चावलेला कोपरा चाचपला, दोन्ही फासे मुठीत खुळखुळवले आणि टाकले. एकावर तीन, एकावर चार. "हे घ्या सात! पहिल्याच हाताला! आणि तुमच्या यंत्राला छत्तीस हजारांत एक जमेना?"

"का जमत नसेल?"

काकांनी परत टाकले. पाच आणि दोन. परत सात. आता ते फाशांकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. ओठ हलत होते. "दोन, चार, सहा. सगळे जोड्यांचे. एक आणि एक, दोन आणि दोन, तीन आणि तीन. म्हणजे दोन्ही फासे दर वेळी सारखेच पडतायत." ते थांबले. "बाई! तुम्ही एकच फासा टाकलाय. टाकून त्यालाच दुप्पट केलंय!"

"बरोब्बर!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की घोगऱ्या आवाजातून घोगरेपणा उडून गेला. मी घरी तो आवाज खूप वेळा काढून पाहिला, अजून जमलेला नाही. "ओळ वाचवायला गेले आणि फासा गुणिले दोन लिहून बसले. दुसरा फासा म्हणजे पहिल्याची नक्कल नव्हे. त्याला त्याचं स्वतःचं नशीब हवं. काय?"

त्यांनी ओळ दुरुस्त केली. एकदा निवड, परत एकदा निवड, मग बेरीज. "काका, एंटर तुम्ही दाबा."

काकांनी आधी एंटरची कड चाचपली. मग दाबलं.

 २ *****
 ३ ********** 
 ४ ***************
 ५ ******************** 
 ६ *************************
 ७ ****************************** 
 ८ *************************
 ९ ******************** 
१० ***************
११ ********** 
१२ *****

टेकडी! आडवी पडलेली, पण टेकडीच. आख्खा वर्ग "ओऽऽ" म्हणाला. बाईंनी फळ्यावर भराभर लिहिलं, सात होण्याचे मार्ग सहा, एक-सहा, दोन-पाच, तीन-चार आणि हेच उलटे. दोन होण्याचा मार्ग एकच. सगळे मिळून छत्तीस. म्हणून सातची ओळ दोनच्या सहापट.

"परत," काका म्हणाले आणि विचारायच्या आधीच एंटर दाबलं. टेकडी. कुठे एखादी चांदणी इकडे, एखादी तिकडे, पण टेकडीच. "परत." तास संपल्याची घंटा झाली तरी काका उठेनात. मोठे सर जवळ जाऊन म्हणाले, "म्हणजे कसं आहे, की साहेब, टायपिंगचं..."

"कसलं टायपिंग? चूक झाली की पडद्यावरच दिसते, असा विषय बंद करायचा कोण म्हणालं?"

"छे छे, कोणी नाही," मोठे सर म्हणाले. "म्हणजे, चांगलाच विषय आहे." आणि पहिल्यांदाच त्यांच्या वाक्याला "पण" लागलं नाही. क्लार्क तेवढ्यात उजवीकडे डावीकडे बघून जिन्याकडे वळले. संध्याकाळपर्यंत शाळेत बातमी होती की अध्यक्ष फाशांत सलग दोनदा जिंकले आणि बाईंना पगारवाढ देऊन गेले. पगारवाढीचं ठाऊक नाही. बाई कायम झाल्या हे मात्र खरं. नणंदबाईंनी त्या आनंदात सापशिडी सोडून दोन्ही फासे शाळेला देऊन टाकले, आणि आता घरी त्या दोघी सोंगट्या नुसत्याच सरकवतात आणि भांडतात.

राहिली माझी पैज. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी बाईंना म्हटलं, "बाई, सात काय राजा आहे का? नशीब आहे ते. शंभर वेळा चालवलं तर एकदा तरी सहा किंवा आठ त्याच्या वर जाणारच."

"पैज?"

"पैज! मी जिंकले तर एक आख्खा तास मी शिकवणार, तुमच्या आवाजात."

बाई हसल्या. म्हणजे माझ्या नकला त्यांना ठाऊक होत्या. "आणि हरलीस तर माझी नक्कल माझ्यासमोर करायची. सगळ्या वर्गापुढे. काय?"

मी हो म्हटलं. त्यांनी प्रोग्रामाभोवती आणखी एक लूप घातला. छत्तीस हजारांचा खेळ शंभर वेळा, आणि दर खेळात जी बेरीज सगळ्यात जास्त वेळा येईल तिच्यापुढे एक चांदणी. छापायला यंत्राने जरा वेळ घेतला. मी बोटं मुरडून घेतली. मग ओळी आल्या. दोन रिकामी, तीन रिकामी, सहा रिकामी, आठ रिकामी. आणि सातपुढे एक लांबलचक रांग, पडद्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत. मी एक एक करून मोजल्या. शंभर.

दुसऱ्या दिवशी मी वर्गापुढे उभी राहिले, आवाज घोगरा केला, कमरेवर हात ठेवले आणि म्हटलं, "दुसऱ्या फाशाला त्याचं स्वतःचं नशीब हवं. काय?" वर्ग लोळला. बाईंनी मागच्या बाकावरून डोकं हलवलं. "छत्तीसपैकी पंधरा गुण. परत कर," त्या म्हणाल्या. "काय?"