गोळ्यांच्या माथी मारलेलं दुखणं

आमचं मराठी घर इकडे उत्तरेत, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. भिक्षुकीचं घराणं, त्यामुळे पाळी आली की बाई अजूनही बाजूला बसते. सुना दोनच, मी आणि माझी धाकटी जाऊ. लग्नानंतरचा तिचा पहिला कार्तिक. महिनाभर सोवळ्यातला स्वयंपाक चुकू नये म्हणून तिने हौसेने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या.

गोळ्या संपल्या, पाळी येऊन गेली, तरी मधूनच रक्त जाऊ लागलं. ती सारखी बाजूला.

"गोळ्यांची गर्मी आहे, निघेल," सासूबाई म्हणाल्या. गोळ्या संपून किती दिवस झाले होते, पण आळ गोळ्यांवरच!

एका दुपारी ती जिन्यात ओटीपोट धरून बसलेली दिसली. अंग जरा तापलेलं लागत होतं.

"ताई, इथे खाली सारखं दुखतं," ती हळूच म्हणाली. "ह्यांच्याजवळ गेले की जास्तच. नंतर रक्त पण येतं."

हे दुखणं माझ्या ओळखीचं. माझ्या वेळी ते पाण्याच्या बादल्या उचलण्याच्या माथी मारलं होतं. मी ते अंगावर काढलं, आणि पुढे तपासणीत कळलं की गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या बंद झाल्यात, मूल होणार नाही. लोक त्याला दैव म्हणतात. कसलं दैव? नुसता उशीर.

सासूबाईंना न विचारता मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी दिवस गेलेत का ते तपासलं, मग आतून तपासलं. गर्भाशयाचं तोंड जरा हलवताच ती कळवळली; माझा हात सोडेना. संसर्ग खालून गर्भाशयात आणि नळ्यांत चढलाय, दुखणं आणि रक्त त्याचंच, असं बाईंनी समजावलं. नमुना तपासायला पाठवला, पण रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. उशीर झाला तर आत व्रण धरून नळ्या चिकटतात. दोन आठवडे गोळ्या, त्या दुखणं थांबलं तरी पुऱ्या करायच्या. नवऱ्यालाही औषध, आणि दोघांचं पुरं होईतो लांब राहायचं.

दीर उसळलेच. "मला काय धाड भरलीय?"

"भावजी, तुम्हाला काही जाणवत नसलं तरी तिला पुन्हा लागण होईल. गिळा," मी पाण्याचा पेला पुढे केला. घाटावर खणखणीत मंत्र म्हणणारा माणूस मुकाट्याने गोळी गिळून मोकळा झाला.

तिसऱ्या दिवशी दाखवायला गेलो. ताप नव्हता, दुखणं बरंच उतरलं होतं.

"समय से ले आयीं आप," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "बच्चे की पूरी उम्मीद है."

जाऊ हसली आणि मला मात्र तिथेच, सगळ्यांसमोर रडू फुटलं. तिने घाबरून पदराने माझे डोळे पुसले.

"ताई, आता काय झालं?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "मला कोणी आणलं नव्हतं."