पहारेकरी आधी दमला

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. गाळा एवढा मोठा, की दार उघडलं की पाहुणा थेट मागच्या भिंतीला टेकतो. त्या जागेत मी द्राक्षबागांसाठी ठिबकचे कंट्रोलर बनवतो, आणि माझ्याइतका चांगला कंट्रोलर गोदावरीच्या दोन्ही काठांवर कोणी बनवत नाही. हे मीच सांगतोय, म्हणजे पुरावा शोधायची गरज नाही.

गाळ्यात माझ्याशिवाय एक ताई असतात. वसाहतीतल्याच एका कारखान्यात त्यांनी मालतपासणीत आयुष्य काढलं, निवृत्त झाल्या आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आल्या. त्या कशावरच विश्वास ठेवत नाहीत. चहावाल्यानं "साखर कमी टाकलीय" म्हटलं तर आधी चमचाभर पिऊन बघतात, मग कप हातात घेतात.

सायखेड्याच्या एका बागायतदार काकांना मी कंट्रोलरचा पहिला डबा बसवून दिला, तेव्हा त्यांची एकच अट होती. "वीज कधी येती, कधी जाती, ठाव नाय. पहिल्या वॉलच्या चाळीसपैकी वीस मिनिटं झाल्यावर लाइट गेली, तर आल्यावर डब्यानं राहिलेली वीस मिनिटंच द्यायची. पुन्हा पहिल्यापासून नाय." 

हे मला कठीण नव्हतं. कंट्रोलरच्या चिपमध्ये ईईप्रॉम नावाची एक छोटी स्मृती असते. वीज गेली तरी तिच्यात लिहिलेलं टिकतं. प्रत्येक वॉल, म्हणजे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, किती मिनिटं चालवायचा, त्या सेटिंग्ज तिथे. उरलेला वेळही तिथेच. मी सगळं एका गाठोड्यात बांधलं आणि दर दहा सेकंदांनी अख्खं गाठोडं पुन्हा लिहायला लावलं. प्रोग्राममध्ये एकच ओळ. त्या ओळीवर मी इतका खूष होतो, की घरी जाऊन बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "छान. आता कोथिंबीर निवड."

चिपच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की या स्मृतीतलं प्रत्येक घर एक लाख वेळा लिहिता येतं. एक लाख! माझ्या सात पिढ्यांनी मिळून एक लाख वेळा काही लिहिलं नसेल. मी पान उलटलं.

नऊ महिने डबा वाघासारखा चालला. मग एका दुपारी फोन आला.

"साहेब, तुमच्या डब्यानं बाग बुडवली!"

काका सकाळी डब्यावर भरवसा ठेवून त्र्यंबकेश्वरला नातेवाइकांच्या विधीला गेले होते. तीन वॉल, प्रत्येकी चाळीस मिनिटं, असा हिशेब. परत आले तर तिसरा वॉल तीन तासांहून जास्त वेळ चालूच. मी मोटारसायकल काढली आणि सायखेड्याला पोचलो, तेव्हा त्या अर्ध्या एकरात चिखल एवढा होता की माझा उजवा बूट अजून तिथेच आहे. पुढच्या हंगामात त्यातून वेल फुटला तर नवल वाटायला नको.

पण काका हसले नाहीत. तोडणी दहा दिवसांवर होती. मणी साखर धरत होते. अशा वेळी वेलीला पाणी जास्त झालं की मणी तडकतात, आणि तडकलेला घड व्यापारी हातात धरत नाही. अर्धा एकर गेल्यात जमा होता. उरलेले साडेतीन एकर त्याच डब्यावर होते.

"दहा दिवस," काका म्हणाले. "तवर हातानं वॉल फिरवतो. दोन दिवसात नीट डबा आणा. आणला नाय तर हा विहिरीत टाकीन. आन मागनं तुम्हाला."

"काका, मला पोहता येतं."

"डब्याला बांधून टाकीन."

गाळ्यावर चिप वाचून काढली. तिसऱ्या वॉलच्या घरात चाळीस लिहायला सांगितलं की वाचताना दोनशे बत्तीस यायचं. पुन्हा लिहिलं, पुन्हा दोनशे बत्तीस. घरातले दोन बिट, म्हणजे शून्य-एकचे खटके, झिजून एकावर अडकले होते, चौसष्ट आणि एकशे अठ्ठावीसचे. चाळिसात तेवढे मिळवा. आणि डब्यानं बिचाऱ्यानं दोनशे बत्तीस मिनिटांचा हुकूम निमूट पाळला होता.

ताईंनी चष्मा वर केला. "दर दहा सेकंदांनी लिहितोस. वीज आठ तास. दिवसाला किती?"

"दोन हजार आठशे ऐंशी."

"लाख कधी भरले?"

मी मनात भागाकार केला आणि तो मोठ्यानं सांगायची हिंमत झाली नाही. पाच आठवडे. चिपनं नऊ महिने रेटलं, हा तिचा मोठेपणा.

"आणि न बदललेला चाळीससुद्धा पुन्हा पुन्हा लिहीत होतास?"

"गाठोडं एकच होतं ना ताई."

"चाळीस हा चाळीसच आहे का, हे वाचताना कोणी बघत होतं?"

"कोणी नाही."

"आमच्या कारखान्यात याला तपासणी म्हणायचे," असं म्हणून त्या जेवणाचा डबा उघडून बसल्या.

त्या दिवशी मी माणसातून उठलो आणि खुर्चीत बसलो. संध्याकाळपर्यंत नवा प्रोग्राम तयार. सेटिंग्ज वेगळ्या काढल्या. काकांनी आकडा बदलला तरच लिहायच्या, एरवी हात लावायचा नाही. त्यांच्या दोन प्रती, आणि प्रत्येक प्रतीसोबत चेकसम, म्हणजे सगळे आकडे ठरलेल्या रीतीनं घुसळून काढलेला एक पडताळा. वाचताना डबा तो पुन्हा काढतो. जुळला तर आकडे खरे, नाही जुळला तर दुसरी प्रत. दोन्ही खोट्या निघाल्या तर सगळे वॉल बंद, लाल दिवा आणि भोंगा. उरलेला वेळ दहा सेकंदांऐवजी मिनिटाला एकदा, तोही एकाच जागी नाही. त्याला चौसष्ट घरं दिली. या मिनिटाला हे घर, पुढच्या मिनिटाला पुढचं. शेवटचं कुठलं ते कळायला प्रत्येकावर वाढता क्रमांक. दिवसाला चारशे ऐंशी नोंदी, म्हणजे एका घराच्या वाट्याला साडेसात. लाख भरायला छत्तीस वर्षं. मी ताईंना तीनशे साठ सांगितली.

"छत्तीस," त्या म्हणाल्या. घरी जायची पिशवी भरता भरताच.

मी हेल्मेट घातलं. नवा डबा पिशवीत.

"कुठे?"

"सायखेड्याला. काका विहीर मोजत बसलेत."

"एक दिवस टेबलावर."

"ताई, छत्तीस वर्षं चालणारी वस्तू एका दिवसात काय तपासणार?"

"मिनिट कशाला थांबायचं? न थांबता लिहायला लाव."

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे उसाच्या गाड्यापुढे सायकल घालणं. एका नोंदीला सतरा मिलिसेकंद लागत होते. एका दिवसात पन्नास लाख नोंदी. चौसष्ट घरांत वाटल्या तर प्रत्येकी लाखाच्या आतच. टिकणारच. मी काकांना फोन करून उद्या येतो म्हणालो. पलीकडून फक्त रहाटाचा आवाज आला. काकांच्या विहिरीला रहाट नाही, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा भोंगा वाजवत होता. लाल दिवा. नोंदी खोट्या.

"तुमचं टेबल हलतं," मी म्हणालो.

ताईंनी घरं एकेक वाचून कागदावर उतरवली. चौसष्टच्या चौसष्ट ठणठणीत. जे लिहिलं तेच वाचलं जात होतं.

"मग बोंबलतंय कोण?"

"चेकसम जुळत नाहीये."

"तो कुठे ठेवलास?"

मी बोट दाखवलं आणि बोट तिथेच राहिलं. सेटिंग्जना पडताळे दिले होते तसा या चौसष्ट घरांनाही दिला होता. पण सगळ्यांना मिळून एक, शेवटच्या जागी. घरं आळीपाळीनं लिहिली जात होती. तो मात्र प्रत्येक नोंदीला. लाखो नोंदी, सगळ्या त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. चौसष्ट घरांना मी पाळीपाळीनं काम दिलं होतं आणि त्यांच्यावरच्या पहारेकऱ्याला, म्हणजे चेकसमला, एकही रजा दिली नव्हती.

बागेत हे तपासायला टेबल नव्हतं. तिथे दिवसाला चारशे ऐंशी वेळा घासून तो सात महिन्यांत लाखावर गेला असता. या तोडणीला काही झालं नसतं. पुढच्या तोडणीच्या तोंडावर सगळे वॉल बंद पडले असते, काकांचा फोन आला असता, आणि मला डब्याला बांधायचा दोर तयार असता.

ताईंनी कागदावर "माल परत" लिहून सही केली.

तासाभरात मी दुसरी चिप घातली आणि प्रत्येक घराला त्याचा स्वतःचा चेकसम दिला. नोंद आणि तिचा पडताळा एकाच घरात, दोघं बरोबरच झिजणार. मग ताईंनी टेबलाचा स्विच धरला. डबा पुन्हा न थांबता लिहितोय, आणि या बाई मध्येच वीज तोडतायत. सुरू, बंद, सुरू, बंद. दिवाळीत लवंगी फटाके लावावेत तसं. लिहिता लिहिता वीज गेली की नोंद अर्धीमुर्धी राहायची. डबा उठायचा, पडताळा बघायचा, ती नोंद टाकून द्यायचा आणि तिच्या आधीची घ्यायचा. एकदाही खोटं बोलला नाही. रात्रभर तो पुन्हा न थांबता लिहीत राहिला. सकाळी भोंगा गप्प होता.

"ही चिप झिजली. नवी घाल आणि जा," ताई म्हणाल्या.

डबा बसल्याबरोबर काकांनी फ्यूजला हात घातला. ते कधीच बंदचं बटण दाबत नाहीत. फ्यूज उपसतात. म्हणे बटणाचा भरवसा नाय. वॉल सुरू झाला, उरलेली मिनिटं बावीस. खट्कन फ्यूज बाहेर. परत आत. पडद्यावर बावीस. पुन्हा उपसला. एकवीस. असं अकरा वेळा. शेजारचे दोघं बांधावर येऊन बसले. मी डब्याकडे बघत होतो आणि डबा काकांकडे.

"आन आकडे समदे बिघडले तर?"

"सगळं बंद करून ओरडेल."

"बंद? पाणी नाय दिलं तर बाग सुकंल की."

"काका, न दिलेलं पाणी उद्या देता येतं. दिलेलं परत काढता येतं का?"

काकांनी चिखलाच्या अर्ध्या एकराकडे पाहिलं आणि फ्यूज आत घालून सोडून दिला.

पुढच्या आठ दिवसांत वीज किती वेळा गेली ते मोजायला ताई हव्या होत्या. मी रोज फोन करायचो. काका रोज नुसता आकडा सांगायचे: "सतरा राहिले व्हते, सतराच दिले." मग फोन बंद.

तोडणीच्या दिवशी मी गेलो. साडेतीन एकरांचे घड क्रेटमध्ये उतरत होते, तडक नाही, डाग नाही. व्यापाऱ्याचा माणूस मणी दाबून बघत होता, आणि काका त्याला बाजूला घेऊन सांगत होते, "नऊशे बत्तीस मिनिटं पाणी चाललं, नऊशे! गोदावरीचं पात्र एक फूट खाली गेलं. मग या साहेबांनी असा डबा केला की फ्यूज दोनशे येळा उपसला तरी इसरत नाय."

मी तोंड उघडलं. अकरा वेळा, दोनशे बत्तीस मिनिटं. मग मिटलं. आमच्या धंद्यात इतका तयार माणूस रोज भेटत नाही.

"साहेब," काका वळून म्हणाले, "पलीकडच्या प्लॉटलाबी एक डबा पायजे. उद्याच."

"परवा," मी म्हणालो. "एक दिवस टेबलावर ठेवावा लागतो."