मुंग्यांतून निघालेला चेहरा

उदगीरमध्ये अशी बातमी आहे, की स्टेशन रोडचा श्रीशैल फोटोवाला मेलेल्या माणसाला कॉम्प्युटरवर बोलावतो. किराणा घेता घेता उमादेवीकाकू डोळे एवढाले करून सांगतात, "आधी पडद्यावर नुस्त्या मुंग्या येतेत बगा. मंग त्यातून डोळे, मंग नाक, मंग अख्खा मानूस! आमच्या पुतन्यानं बगितलंय. अमुशालाच करतोय म्हनं."

मुंग्यांचं खरं आहे, बाकी सगळी हवा. श्रीशैल माझा सख्खा मामा. अमावास्येला तर तो दुकान लवकर बंद करून झोपतो. त्याचं काम फ्लेक्स छापायचं आणि जुने फोटो नीट करायचं. बोलणं असं, की प्रत्येक वाक्य 'आता कसंय' पासून सुरू.

"आता कसंय," मामा सांगतो, "ह्या मशीनला लाखो फोटो दाखवलेत. दर फोटोवर ठिपके फेकायचे, थोडे, मंग लई, मंग नुस्त्या मुंग्या. कोनते ठिपके वरून पडलेत ते वळखायला ते शिकलंय. आता त्याला कोऱ्या मुंग्या दिल्या तरी ते थोडे थोडे ठिपके काढत जातंय. ऱ्हातंय ते चित्र. पर ते कुनाचंच नसतंय, भाच्या."

गिऱ्हाइकांनाही तो हेच सांगतो. ऐकतंय कोण!

मागच्या महिन्यात मी दुकानात बसलो होतो, तेव्हा पार्वतम्मा आली. तिचा मुलगा वीरेश चौदाव्या वर्षी तापानं गेला, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. यंदाच्या श्राद्धाला लिंगायतांचे जंगम स्वामी येणार, पाटावर फोटो ठेवून त्याला विभूती लावायची, आणि पोराचा धड फोटोच नाही. होता एका लग्नातला, मागच्या रांगेत, तोंड तुरीच्या दाण्याएवढं.

"श्रीशैलप्पा, तेवढं मोठं करून दे रे बाबा. माझ्याशिवाय त्याचं तोंड कुनाला ठावं न्हाई आता."

"अव्वा, दान्यात जेवढं हाय तेवढंच हाय. बाकीचं मशीन मनानं घालतंय."

"घालू दे की."

मामानं तो फोटो मशीनला दिला. नुसतं मोठं करायचं नव्हतं. आधी त्याच फोटोवर मुंग्या टाकायच्या, मग काढायच्या. मुंग्या कमी टाकल्या तर वीरेश जसाच्या तसा, म्हणजे भुरका ठिपका. जास्त टाकल्या तर तोंड लख्ख, केस न् केस दिसतोय, पण कुणा दुसऱ्याच पोराचं.

"ह्यो कोन?" पार्वतम्मा म्हणाली. "माझ्या लेकराचे कान भायेर होते."

मशीनला काय हवं ते लिहूनही सांगता येतं; मामानं 'कान बाहेर आलेले' असं शब्दांत लिहिलं. मधेच पार्वतम्माला आठवलं, "कपाळाला विभूती पायजे." मामानं तेही लिहिलं. हळूहळू मुंग्या विरल्या आणि पडद्यावर जटा-दाढीवाला म्हातारा साधू आला! मशीननं कपाळाला राख लावलेली माणसं बहुतेक तसलीच बघितलेली. मी हसलो, मामानं माझ्या टाळक्यात मारली. पार्वतम्मा हसली नाही.

"आमच्यात तर पाळन्यातल्या लेकराला लावतेत," ती एवढंच म्हणाली.

विभूतीचा शब्द काढला. मग दर खेपेला नव्या मुंग्या, नवा पोरगा. एकाचं नाक बरं, एकाची हनुवटी. ती प्रत्येकाला झटक्यात "न्हाई" म्हणायची, मग हळू म्हणायला लागली, मग नुसती बघायला लागली.

ती पाणी प्यायला बाहेर गेली तशी मी म्हणालो, "मामा, ही एकही नेणार नाही. आई आहे ती. लावतो पैज, एक प्लेट मिरची भजी."

"नेनार," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकायची काही हौस नव्हती. "म्या बगितलंय लई जनांचं."

ती परत आली. पडद्यावर शेवटचा पोरगा होता, देखणा, कान चिकटलेले. अव्वा खुर्चीवर टेकली.

"श्रीशैलप्पा, त्याचे कान भायेर होते का रे?"

"तुमीच म्हनलात, अव्वा."

"म्हनले खरं." ती डोळे मिटून बसली. मग उघडले. "आता डोळे झाकले तरी ह्योच दिसतोय. न्हाईतर तेच्या आदीचा पोरगा येतोय. माझा येईना गेलाय."

मामानं घाईघाईनं पडदा काळा केला. "अव्वा, घरला जावा. दोन दिस काय बगू नका. यील परत."

"कुठनं यील?"

लग्नातला फोटो तिच्यापुढं सरकवून मामा म्हणाला, "ह्येच लावा पाटावर. खरा ह्योच हाय."

तिनं तो उलटसुलट बघितला. "ह्यात तोंड कुठाय?" म्हणाली, आणि मग, "त्यो लख्ख वाला दे. विभूती मी घरी लावते."

मामानं प्रिंट काढली, फ्रेम केली, कागदात बांधली. ती पिशवी छातीशी धरून स्टेशनच्या बाजूला गेली.

पैज हरलो म्हणून मी भजी आणली. मामानं एकही खाल्लं नाही, आणि हरलेल्यानं खायचं असतं का, हे मला ठाऊक नव्हतं.