आडवी पेटी

तो मॅनेजर आठवला की मला आजही शिसारी येते. स्वतःची त्याहून जास्त येते.

बाजार नुकताच खुला झाला होता. नवऱ्याची दिल्लीला बदली झाली, आणि पुण्यात शिकलेल्या जर्मनच्या जोरावर मी फरीदाबादच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागले. जर्मनीहून यंत्रं यायची. पेट्यांवरच्या सूचना वाचता याव्यात म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी गोदामातल्या लोकांना शिकवायची.

आपण थर्मासही ठेवतो आणि फाईलही ठेवतो, आपलं भागतं. जर्मनचं भागत नाही. थर्मास उभा ठेवला तर 'श्टेलेन', मग तो उभा असला की 'श्टेहेन'. फाईल आडवी ठेवली तर 'लेगेन', मग ती पडून असली की 'लीगेन'. स्टोअरकीपरने हे पहिल्याच दिवशी पकडलं. म्हणाला, "हाथ चला तो लेगेन, हाथ हटा तो लीगेन." पाच वर्षं शिकूनही मला इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं.

एका दुपारी तेल भरलेल्या यंत्राची उंच पेटी आली. गोदामाचं दार ठेंगणं. पेटी उभीच न्या, आडवी करू नका, असं वर लिहिलेलं मी मॅनेजरला वाचून दाखवलं. त्याने ट्रकवाल्यांना सांगितलं, लिटा दो. स्टोअरकीपर जेवून परत आला तेव्हा पेटी आत आडवी पडलेली होती आणि खाली तेलाचं थारोळं.

हे कसं झालं, असं जर्मन कंपनीने लेखी विचारलं. मी लिहिलं: 'दी किस्टऽ लाग आउफ देअर झायटऽ', पेटी कुशीवर पडलेली होती. 'लाग' हे लीगेनचंच भूतकाळी रूप, आणि लीगेनला करणारा लागत नाही. आपण मोठा शहाणपणा केला असं मला वाटलं.

मॅनेजरने मला त्याचं हिंदी करायला लावलं. माझ्या डबीतली टाचणी घेऊन तो दात कोरत होता. "करनेवाला भी तो चाहिए," तो म्हणाला. "स्टोअरकीपर लिखिए. उसको निकाल देंगे, बात ख़त्म." आणि ओली टाचणी परत डबीत टाकली. मी डबी बाजूला सारली. तरी मी लिहिलं. स्टोअरकीपर वाक्याच्या सुरुवातीला घातला, 'लाग' काढून लेगेनचं 'हात गेलेग्ट', म्हणजे 'आडवी ठेवली', केलं, त्याला जुळवून 'देअर'चं 'दी' केलं. व्याकरणाची एकही चूक नव्हती. नोकरी मलाही हवी होती.

पत्र गेलं. त्याची प्रत गोदामाच्या फाईलला लागली. दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर ती घेऊन माझ्या टेबलाशी आला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि खालच्या आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला, "मॅडम, यहाँ तो लीगेन आना था न? मेरा तो हाथ ही नहीं लगा. टाइपिंग में ग़लती हो गई होगी."

मी म्हटलं, "हाँ, टाइपिंग में."