सहा महिन्यांचं चारित्र्य

परदेशात नर्सची नोकरी मिळाली, हे घरात सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, पहिला प्रश्न विचारला, "पोलिसांचा दाखला लागतो ना? मग तो आधी."

आमच्या घराण्यात कुणीतरी गायकवाडी फौजेत होतं. त्यामुळे चारित्र्याचा विषय निघाला की बाबांची मान आपोआप ताठ होते. शिवाय सरकारी कामाला वेळ लागतो, तेव्हा शहाण्या माणसाने ते आधी उरकावं, असं त्यांचं ठाम मत. मी पासपोर्ट कार्यालयात अर्ज केला. चौकशीला पोलीस आमच्या तरसालीच्या घरी आले, शेजारच्या गुजराती बेनने मी 'सारी', म्हणजे चांगली, बाई असल्याची साक्ष दिली, बाबांनी चहा-चिवडा दिला. दाखला आला. बाबांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवला.

मग बाकीच्या कागदांची फौज निघाली. इंग्रजीची परीक्षा एकदा नापास, एकदा पास. कॉलेजातून गुणपत्रकं थेट तिकडच्या नोंदणी मंडळाकडे जायची होती, पण तिथले कारकून कधी लग्नाला, कधी उत्तरायणाचे पतंग उडवायला. दाखला देवघरात उदबत्तीचा धूर खात पडून होता.

शेवटी सगळं पाठवलं. मंडळाचं उत्तर आलं: पदवी ठीक, अनुभव ठीक, फक्त पोलीस दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना, नवा पाठवा. बाबांनी दाखला उलटसुलट करून पाहिला. त्यावर मुदत कुठेच छापलेली नव्हती.

"नसतेच, बाबा. मागणारा ठरवतो."

"म्हणजे तुझी डिग्री जन्मभराची, आणि तू चांगली असल्याचं फक्त सहा महिने?"

तसंच. या मधल्या काळात मी बँक वगैरे लुटलेली असू शकते. आयसीयूच्या दोन ड्यूट्या आणि घरचा स्वयंपाक, यातून वेळ काढून. मला हसू येत नव्हतं. हॉस्पिटलने कळवलं होतं, नोंदणी या महिन्याअखेर झाली नाही तर जागा दुसरीला.

पुन्हा अर्ज, पुन्हा फी. चौकशीला तेच पोलीसभाई, पुन्हा का म्हणून चकित. "फरीथी केम, बेन? कंई थयुं?"

"काही नाही, भाई. माझं चारित्र्य शिळं झालं."

ते हसले आणि बाबांकडे वळले, वहू, म्हणजे सून, कशी आहे विचारलं. पहिल्या खेपेला बाबांनी फौजेतल्या पणजोबांच्या घोड्यापासून सुरुवात केली होती. या वेळी चिवड्याची बशीही पुढे सरकवली नाही. गुजरातीत बोलता बोलता मराठीवर आले.

"चांगली आहे. माझी इन्सुलिनची सुई तीच देते, रोज." मग दाराकडे बघत म्हणाले, "लवकर लिहा, साहेब. उशीर झाला तर तिची जागा जाईल."

दाखला वेळेत आला. या वेळी त्यांनी तो देवघरात ठेवला नाही. माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सुई कशी द्यायची, तेवढं मला शिकव."