अंबीच्या नावावरचे एक हजार तीन

तीन एप्रिल. तेराशे एकवीस रुपये साठ पैसे. बँकेतल्या बाकावर बसून शिंपीणबाईंनी वर्षभराच्या उताऱ्याची बेरीज तिसऱ्यांदा केली. आपण न काढता गेलेली एवढी रक्कम होती. मेसेजचे तिमाहीला सतरा सत्तर, कार्डाचे एकशे सत्त्याहत्तर, एटीएम मशीनने पैसे नाकारले त्याचे तीनदा तेवीस साठ. उरलेल्या दहा नोंदींपुढे इंग्रजीत ए, एम, बी.

बाईंना अक्षरं जुळवून वाचता येत. अंब. म्हणजे अंबी, धाकटी बहीण. कार्ड तिच्याकडेच असे. पासबुकात ती अक्षरं पहिल्यांदा दिसली तेव्हा, नोव्हेंबरात, बाईंनी कार्ड काढून घेतलं आणि काज-बटणांची तिची सहाशे चाळीस रुपये मजुरीही अडकवून ठेवली.

"ताई, हिशेब आण, मग चोर म्हण," एवढं बोलून अंबी गेली, ती पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही.

आज हिशेब हातात होता. एकशे अठरा सात वेळा, एकोणसाठ तीन वेळा. एक हजार तीन. बाईंनी पिशवीतला शिलाईचा खडू तारखांवरून फिरवला आणि हात थांबला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. कार्ड तर तेव्हा त्यांच्याच कपाटात होतं.

उठल्या, बसल्या, पुन्हा उठून खिडकीशी गेल्या.

"हे अंब कोण हो?"

खिडकीतल्या चष्मेवाल्या बाईने कागद ओढला. "कोण नाही, मावशी. ॲव्हरेज मंथली बॅलन्स, म्हणजे सरासरी मासिक शिल्लक. ती कमी पडली की दंड, त्यावर कर."

"पण मी महिनाअखेरीला दोन हजार भरते की. एक तारखेला काढते."

"एका दिवसाचं नाही बघत. रोजची शिल्लक मिळवून दिवसांनी भागायचं. तुम्हाला काय वाटलं?"

"बहिणीने काढले."

"एकशे अठरा? मशीनमधून सुट्टे आठ रुपये कसे निघतील, मावशी?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. शिंपीणबाई हसल्या नाहीत. किमान शिल्लकीची अट नसलेल्या प्रकारात खातं बदलायचा अर्ज त्यांनी तिथेच भरला. गेलेला दंड परत मिळणार नव्हता.

अंबीच्या खोलीपर्यंतची दहा मिनिटांची वाट त्यांना संपेना. दार उघडं होतं. अंबी सदऱ्याला बटण लावत होती. बाईंनी उतारा तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं, सुट्ट्या आठ रुपयांसकट.

"म्हणजे पाच महिने मी बँकेच्या नावाने चोर," अंबी म्हणाली. दोरा दाताने तोडला. "मजुरी?"

बाईंनी पाकीट उलटं केलं. तीनशे निघाले. अंबीने मोजून घेतले.

"उद्या दुकानात येशील?"

"बघू."

तीनशे चाळीस रुपये द्यायचे राहिले आहेत.