पश्चिमेस कुंभारखाण

इंदुमती शेवाळे यांच्याकडे कागद घेऊन येणारा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, त्यावरून त्यांना त्याची नियत कळते. "ताई, यात काय लिहिलंय?" असं विचारणारा एखादाच. बाकीचे म्हणतात, "यात आमचं नाव निघतंय का बघा." आणि त्यातले दोन-चार शहाणे दार लोटून घेऊन हळूच म्हणतात, "निघत नसलं तर काढा."

"नाव काढायला ही काय सुईणीची खोली आहे?" इंदूताई ओरडतात. समोरच्या तहसील कचेरीतले शिपाईसुद्धा माना वळवून बघतात.

मुद्रांकवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये कोंबलेली ती खोली. टेबल, भिंग, उजेडाचा दिवा आणि सरकारी परीक्षा पास झाल्याचं फ्रेममधलं प्रमाणपत्र, एवढाच पसारा. पंचवीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची अक्षरं सुधारली. निवृत्त झाल्यावर मोडी शिकायला गेल्या तेव्हा घरचे हसले. म्हातारपणी बाराखडी गिरवणार म्हणे! पण ज्यांच्या जमिनी, वतनं, वाटण्या त्या लिपीत अडकून पडल्या आहेत, ते हसत नाहीत. ते पिशवीतून पिवळा कागद काढतात आणि तोंडाकडे बघत बसतात.

हौसाक्का कुंभार अशीच तोंडाकडे बघत बसली होती. पिंपळदऱ्याची ही म्हातारी, सोबत पुतण्या सोपान. गावाच्या पश्चिमेला कुंभारांची मातीची खाण आहे. चुली, माठ, बेंदराच्या सणाचे बैल, सगळ्याची माती तिथलीच. शेजारची जमीन दादासाहेब नलग्यांची. त्यांना तिथं प्लॉट पाडायचे होते आणि खाण आपल्याच जमिनीत येते असं त्यांचं म्हणणं होतं. माती आणायला गेलेल्या बायकांना नलग्यांच्या माणसांनी टोपल्यांसकट हुसकून लावलं. कुंभारांनी तहसीलदाराकडे अर्ज केला. नलग्यांनी उत्तरादाखल खापरपणजोबांचं खरेदीपत्र दाखल केलं, मोडीतलं, आणि त्याला लिप्यंतर जोडलं. सुनावणी सोमवारी होती.

"मालक म्हणत्यात, कागदात तुमचं नाव बी न्हाई आन् गाव बी न्हाई," हौसाक्का म्हणाली. "न्हाई तर न्हाई. पर आमाला खरं सांगा, म्हंजे आमी गप बसतो."

इंदूताईंना हे बोलणं एकदम आवडलं. त्यांनी सोपानकडून प्रकरणातल्या कागदांची नक्कल घेतली आणि आधी लिप्यंतर वाचलं. खाली सही होती, दत्तोपंत हुपरीकर. म्हणजे त्यांचे गुरुजी. ज्यांनी त्यांचा हात धरून पहिला मोडी 'श्री' गिरवून घेतला, ते.

"मग तर प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या. "गुरुजींच्या वाचनात चूक निघायची नाही. उगाच आशा ठेवू नका."

तरी कागद वाचायचा म्हणून त्यांनी भिंग उचललं. आधी तारीख. शके १७७३ लिहिलेलं होतं, पण सात आणि एक यांची शेपटं बोरूच्या एका झटक्यात सारखीच दिसतात. म्हणून त्यांनी संवत्सर पाहिलं. विरोधकृत नाम. पुढं महसुली वर्ष, फसली सन १२६१, माघ वद्य पंचमी. तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या. म्हणजे इंग्रजी १८५२चा फेब्रुवारी. मग माणसं. लिहून देणार अमृता बिन सटवाजी, म्हणजे सटवाजीचा मुलगा अमृता, घेणार मानाजी बिन येसाजी नलगे. मग माप. बिघे ९॥।. आकड्यापुढचे दंड म्हणजे पाऊण, म्हणून पावणेदहा बिघे. नवशिके तिथं एक-एक-एक वाचतात आणि नऊ बिघ्यांचे नऊ हजार करतात. गुरुजींनी सगळं चोख वाचलं होतं. पुढं चतुःसीमा. पूर्वेस ओढा, दक्षिणेस गावठाणाचा रस्ता, उत्तरेस थळ बहिर्जीचे, म्हणजे बहिर्जीचं शेत.

लिप्यंतरात त्यानंतर असं होतं: "पश्चिमेस (पुढील अक्षरे लागत नाहीत) हरकत करू नये."

जिची अक्षरं लागत नाहीत ती ओळ इंदूताईंनी मूळ कागदाच्या नकलेवर शोधली. शोधावी लागलीच नाही. ओळीवर डाग नव्हता, घडी नव्हती, कसर नव्हती. झेरॉक्सवरसुद्धा ती इतर ओळींइतकीच काळीभोर होती. त्यांनी एकदा वाचली. भिंग ठेवून पुन्हा वाचली.

"पश्चिमेस कुंभारखाण. खाणीची जागा पांड ७ खरेदीखेरीज. कुंभारांची वहिवाट पेशजीपासून चालत आली आहे तैसी चालवावी. त्यांस मालकाने हरकत करू नये."

पेशजीपासून, म्हणजे पूर्वापार. आणि मालकानं हरकत करू नये! मधला मजकूर उडवला आणि उरलं काय, तर मालकाला कुणी हरकत करू नये. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणा लेखकानं कुंभारांसाठी घातलेलं कुंपण उपटून ते कुंभारांच्याच पाठीत घातलं होतं. आणि कुणी? तर हुपरीकर गुरुजींनी! इंदूताईंचे कान तापले. त्यांनी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की झेरॉक्सवाला डोकावून गेला.

"काय झालं, ताई?" सोपाननं विचारलं.

"तुमची खाण कागदात आहे. सात पांड, म्हणजे आजचे दहा-अकरा गुंठे. नलग्यांनी ती विकत घेतलेलीच नाही." मग त्यांनी शेवटच्या पानावर साक्षीदारांपाशी बोट ठेवलं. सही येत नसलेल्यांनी तिथं आपापल्या धंद्याच्या निशाण्या काढल्या होत्या. कुणब्यांचे नांगर होते, न्हाव्याचा आरसा होता.

हौसाक्कानं चष्म्याशिवायच कागद जवळ ओढला. नांगराखालच्या एका वाटोळ्या चिन्हावरून तिनं बोट फिरवलं. "ह्ये चाक हाय. आमचं."

"हो. येशा कुंभार, निशाणी चाक."

म्हातारीनं पदरानं कागदाची कड पुसली आणि तो जपून परत दिला.

त्या संध्याकाळी इंदूताई गुरुजींच्या घरी गेल्या. दार गुरुजींनीच उघडलं. "ये, इंदू. चहा टाकायला सांगतो."

"चहा नको. नलग्यांच्या कागदातली पश्चिमेची ओळ का गाळलीत?"

"गाळली नाही. लागली नाही."

"गुरुजी, ती ओळ माझ्या दुसरीतल्या पोरांनी गिरवली असती तरी एवढी स्वच्छ आली नसती!"

"डोळे गेलेत माझे. ऐंशीला आलो."

"मग फक्त कुंभारच कसे दिसेनासे झाले? नलग्यांच्या खापरपणजोबाचं नाव दिसलं. त्यांचा पाऊण बिघासुद्धा दिसला!"

गुरुजी खुर्चीत बसले. त्यांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाले, "आपला वर्ग कुठं भरतो, माहीत आहे ना? दादासाहेबांच्या वाड्यातल्या दिवाणखान्यात. पंखे त्यांचे, फळा त्यांचा. तो बंद झाला तर या तालुक्यात मोडी वाचणारं पुढं कोण राहील? चार मडकी घडवणाऱ्यांसाठी सगळी लिपी मारू का मी?"

"लिपी वाचवायची ती कशासाठी?" इंदूताईंचा आवाज फाटला. "लोकांचं लिहिलेलं लोकांना वाचून दाखवायला ना? का दिवाणखान्यात शोभेला ठेवायला? त्या बायकांना टोपल्यांसकट ढकललं, गुरुजी. आता तुमच्या कंसाच्या जोरावर कायमचं बाहेर काढणार!"

"तू माझ्याविरुद्ध लिहिणार?"

"कागदात जे लिहिलंय तेच मी लिहिणार."

येताना त्या पायऱ्या कशा उतरल्या, त्यांचं त्यांना ठाऊक. रस्ताभर रागानं बडबडत होत्या आणि रडतही होत्या. ज्या माणसाचा शब्द आपण देव्हाऱ्यात ठेवला, त्यानंच अशी माती खावी, याची चीड त्यांना आवरत नव्हती.

सोमवारी नायब तहसीलदार बाईंसमोर दोन्ही लिप्यंतरं शेजारी ठेवली गेली. दादासाहेब पांढऱ्या शर्टात मागं रेलून बसले होते, शेजारी हुपरीकर गुरुजी. त्यांच्या वकिलानं सुरुवात केली. शेवाळे बाई कालच्या शिकाऊ, हुपरीकर गुरुजी म्हणजे जिल्ह्यातला मोठा अधिकार. त्यातून बाईंनी वाचली ती झेरॉक्स. झेरॉक्समध्ये डागसुद्धा अक्षरासारखा दिसतो.

"मूळ कागद आणलाय?" नायब तहसीलदार बाईंनी विचारलं. आधीच्या तारखेला त्यांनी तसा हुकूम दिला होता, म्हणून नलग्यांना तो आणावा लागला होता. फडक्यातून कागद निघाला. वकील म्हणाला, "पण वाचणार कोण? हे दोघं दोन गोष्टी सांगणार."

इंदूताई उठल्या. "मी नाही वाचत, साहेब. गुरुजींनाच वाचू द्या. सगळा. पहिल्यापासून. मोठ्यानं."

दादासाहेबांनी खुशीत मान हलवली. त्यांना वाटलं, शेवाळे बाई हरली. पण इंदूताईंनी गुरुजींसमोर चार वर्षं बसून काढली होती. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, सगळी ओळ एका दमात धावते. म्हणून गुरुजी कधी मनातल्या मनात वाचत नसत. तोंडानं म्हटलं की शब्द आपोआप सुटतात, असं त्यांचं शिकवणं, आणि एकदा ओळीला लागले की ते अडखळत नसत.

गुरुजींनी कागद हातात घेतला. जुना जाड कागद, काळी शाई. "श्री. शके सतराशे त्र्याहत्तर," त्यांनी सुरू केलं. हळूहळू आवाजाला ती जुनी वर्गातली लय आली. अमृता बिन सटवाजी. पावणेदहा बिघे. पूर्वेस ओढा. गुरुजी चाललेच होते. "उत्तरेस थळ बहिर्जीचे. पश्चिमेस कुंभारखाण. खाणीची जागा पांड सात खरेदीखेरीज. कुंभारांची वहिवाट पेशजीपासून चालत आली आहे तैसी..."

इथं त्यांना कळलं. जीभ थांबली. वकिलानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नायब तहसीलदार बाईंनी त्याला हातानं थांबवलं.

"पुढं वाचा, गुरुजी."

गुरुजींनी इंदूताईंकडे पाहिलं. इंदूताईंनी नजर हटवली नाही. मग म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला, "तैसी चालवावी. त्यांस मालकाने हरकत करू नये."

"लिहून घ्या," बाईंनी लेखनिकाला सांगितलं आणि खाणीत नलग्यांकडच्या कुणीही पाऊल टाकू नये असा हुकूम तोंडी सांगायला सुरुवात केली. दादासाहेब वकिलाच्या कानात फणफणत होते. इंदूताईंना मात्र जिंकल्यासारखं वाटेना. गुरुजी कागद तसाच हातात धरून उभे होते. तो कुणाला परत द्यायचा, हेही त्यांना सुचत नव्हतं.

हौसाक्का उठून त्यांच्यासमोर गेली. तिनं खालून वर त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. ती खरोखरच चकित झाली होती.

"म्हंजी वाचता येत हुतं की तुमास्नी, गुर्जी," ती म्हणाली.